'१००% जॉब गॅरंटी' वाल्या ऑनलाइन कोर्सचं रेकॉर्ड कसं तपासायचं

"नोकरी लागली नाही तर फी परत." इन्स्टावर रील स्क्रोल करता करता दर दहाव्या रीलला हे वाक्य येते. डेटा अ‍ॅनालिटिक्स, डिजिटल मार्केटिंग, मेडिकल कोडिंग, फुल स्टॅक, नाव कोणतंही असू द्या. आपल्याकडच्या लोकांचे यावर दोनच गट पडतात, एक म्हणते सगळे फ्रॉड आहेत, दुसरा म्हणते कंपनी एवढं छातीठोक लिहून देऊन राहिली म्हणजे काहीतरी असेलच न. माझं म्हणणं असं आहे की ते वाक्य बहुतेक वेळा खोटं नसतेच. ते अटींसकट खरं असते, आणि त्या अटी अशा लिहिलेल्या असतात की फी परत द्यायची पाळी जवळपास येतच नाही. म्हणून फ्रॉड आहे का नाही हे विचारत बसण्यापेक्षा गॅरंटी नेमकी कशाची आहे, आकडा कशाला भागून काढला आणि पैसे कोणाकडून कोणाकडे चालले, या तीन गोष्टी पाहायच्या. तिन्ही घरबसल्या पाहता येतात, आणि जास्तीत जास्त शंभर रुपये खर्च येतो.

एक केस घेऊन सांगतो म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. नागपुरात, नंदनवनच्या आमच्या गल्लीतला एक पोट्टा, मेकॅनिकल बीई, हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून थोडे दिवस काढले, ते सुटलं, मग घरी बसून डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या एका सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सला फॉर्म भरला. कंपनी बाहेरची, नाव सांगत नाही. फी ८५,००० अधिक १८% जीएसटी म्हणजे १५,३००, एकूण १,००,३००. काउन्सेलर मॅडमनी त्याच दिवशी ४,९९९ 'सीट बुकिंग' घेऊन टाकले, कारण म्हणे ऑफर रात्री बारापर्यंतच होती (ती ऑफर पुढच्या आठवड्यातही रात्री बारापर्यंतच होती, असो). बाकीच्याचं 'नो कॉस्ट ईएमआय', त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली, आधार-पॅन टाकायचं आणि ओटीपी द्यायचा. ओटीपी द्यायच्या आधी तो फोन घेऊन आला, "काका, पाहून द्या न जरा."

पहिलं काम म्हणजे गॅरंटीचा कागद शोधणं. जाहिरातीत नसतो, ब्रोशरमध्ये नसतो, वेबसाइटच्या एकदम खाली बारीक अक्षरात 'टर्म्स' किंवा 'प्लेसमेंट पॉलिसी' किंवा 'रिफंड पॉलिसी' अशी लिंक असते तिथे असतो. नसेल तर मेलवर मागायचा, फोनवर नाही. काउन्सेलर फोनवर काय बोलली त्याला पुढे काही किंमत उरत नाही, आणि मजेची गोष्ट म्हणजे बऱ्याच टर्म्समध्ये एक ओळ असतेच की आमच्या सेल्स प्रतिनिधीने तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. ही ओळ सापडली की समजून जायचं, तासभर जे ऐकलं ते कंपनीने स्वतःच रद्द करून ठेवलं आहे.

या कोर्सची पॉलिसी नऊ पानांची होती. गॅरंटीसाठी पात्र कोण, तर दहावी, बारावी आणि ग्रॅज्युएशन तिन्हीत ६०% च्या वर. पोट्ट्याला बारावीत ५६. म्हणजे संपला विषय. पहिल्या दिवसापासून तो गॅरंटीच्या बाहेर, आणि फॉर्म भरताना मार्कशीट अपलोड करून घेतली होती, म्हणजे कंपनीला हे माहीत होतं, तरी काउन्सेलर म्हणत होती सर तुमची प्रोफाइल तर एकदम स्ट्रॉंग आहे. कोर्स त्याला मिळाला असता, सर्टिफिकेटही मिळालं असतं, फक्त ज्या गोष्टीसाठी तो लाख रुपये देत होता ती त्याच्या पॅकेजमध्ये नव्हतीच.

बरं, समजा त्याला ६० च्या वर असते तर? मग पुढच्या अटी. लाइव्ह क्लासला ८५% हजेरी, रेकॉर्डिंग पाहिलेलं धरत नाहीत. सगळी असाइनमेंट वेळेत, एकही उशिरा नाही. शेवटच्या टेस्टमध्ये ७०%. कोर्स संपल्यावर सहा महिने दर आठवड्याला किमान १० ठिकाणी स्वतः अर्ज करायचे आणि त्यांच्या शीटमध्ये स्क्रीनशॉटसकट नोंद ठेवायची. सहा महिन्यांचे २६ आठवडे, म्हणजे २६० अर्ज, आणि दिवाळीच्या आठवड्यात राहून गेलं तर गॅरंटी गेली. त्यांनी पाठवलेला एकही इंटरव्ह्यू चुकवायचा नाही, एकही ऑफर नाकारायची नाही, मग ती गुरुग्रामला १५ हजाराची का असेना, भारतात कुठेही जायची तयारी हवी. एवढं सगळं केलं आणि तरी नोकरी लागली नाही, तर सहा महिने संपल्यावर ३० दिवसांच्या आत रिफंडचा अर्ज करायचा, ३१ व्या दिवशी हक्क संपला.

आणि 'नोकरी' म्हणजे काय हे पण त्यांनीच ठरवलेलं. व्याख्यांच्या पानावर लिहिलं होतं की इंटर्नशिप, कॉन्ट्रॅक्ट, फ्रीलान्स, पार्ट टाइम, सगळं नोकरीतच धरलं जाईल. तीन महिन्यांची ८ हजार स्टायपेंडवाली इंटर्नशिप मिळाली तरी कंपनीच्या हिशोबात तुम्ही 'प्लेस' झाले आणि गॅरंटी पूर्ण झाली. काही ठिकाणी तर 'जॉब गॅरंटी' नसतेच, 'जॉब अपॉर्च्युनिटी गॅरंटी' असते, म्हणजे इंटरव्ह्यूला पाठवायची गॅरंटी. तो एक शब्द डोळ्यात तेल घालून शोधायचा.

रिफंडचं गणित पण त्याच पॉलिसीत. 'फी परत' म्हणजे मूळ फी परत, जीएसटी नाही, आणि त्यातून १०,००० 'रजिस्ट्रेशन आणि कंटेंट चार्ज' वजा. म्हणजे १,००,३०० भरले तर हातात ७५,००० येणार, तेही अर्ज मंजूर झाल्यावर ९० दिवसांत. शंभर टक्के परत म्हणता म्हणता पंचाहत्तर टक्क्यांवर आलं, आणि हे अगदी सगळ्या अटी पाळणाऱ्याला.

आता आकड्याकडे येऊ, कारण पॉलिसी वाचल्यावरही घरचे म्हणतातच की अरे पण ९०% पोरांना नोकरी लागते लिहिलं आहे न त्यांनी. हा ९०% कसा तयार होतो ते समजून घ्या, एकदा समजलं की पुन्हा कोणत्याही कोर्सच्या जाहिरातीत फसणार नाही. आपल्याकडे काही शाळा दहावीचा निकाल १००% दाखवायला कच्च्या पोरांना नववीतच बाजूला काढून १७ नंबरचा फॉर्म भरायला लावतात, तसंच हे. समजा वर्षात १,००० जणांनी फी भरली. त्यातले ६२० जणांनी कोर्स पूर्ण केला, बाकीचे मध्येच गळाले, ऑनलाइनमध्ये गळती भरपूर असते. ६२० पैकी ४०० जण टेस्ट, हजेरी, मार्क या सगळ्यातून 'पात्र' ठरले. ४०० पैकी २४० जणांनी प्लेसमेंटसाठी 'ऑप्ट इन' केलं, बाकीच्यांनी पुढे शिकायचं ठरवलं किंवा त्यांचा नुसता फोन लागला नाही. २४० पैकी २१६ जणांना काहीतरी मिळालं. २१६ भागिले २४०, झाले ९०%. पण फी तर हजार जणांनी दिली होती. २१६ भागिले १,०००, म्हणजे २२% च्या आत. आणि त्या २१६ मध्येही इंटर्नशिपवाले आहेत, ज्यांनी मामाच्या ओळखीने स्वतःच नोकरी शोधली ते आहेत, जे आधीपासून नोकरीत होते आणि त्याच कंपनीत राहिले ते पण आहेत. यातला एकही आकडा खोटा नाही, फक्त खालची संख्या त्यांनी निवडली. हे आकडे मी समजवायला घेतले आहेत, पण पायऱ्या खऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारता येतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच चालते असं समजू नका. अमेरिकेत ब्लूमटेक नावाची कोडिंग शाळा होती, आधीचं नाव लॅम्डा स्कूल, मोठं नाव होतं तिचं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक आर्थिक संरक्षण ब्युरोने तिच्यावर कारवाई केली. जाहिरातीत प्लेसमेंट ७१ ते ८६ टक्के सांगत होते, आणि कंपनीच्या स्वतःच्या आतल्या आकड्यांत ते ५०% च्या आसपास होतं, काही बॅचचं तर ३०% पर्यंत खाली. सगळ्यात भारी म्हणजे तिच्या प्रमुखाने एका बॅचचं प्लेसमेंट १००% झालं असं ट्विट केलं होतं, आणि त्या हिशोबात विद्यार्थी होता एक. ग्राहकांना कर्ज द्यायलाच त्या कंपनीला कायमची बंदी घातली गेली. हे कर्जाचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे येते.

तर मेलवर काय विचारायचं? मी पोट्ट्याला हे टाइप करून दिलं: गेल्या वर्षी संपलेल्या बॅचपैकी कोणतीही एक बॅच घ्या, त्या बॅचला फी भरून किती जण आले, किती जणांनी कोर्स पूर्ण केला, संपल्यापासून सहा महिन्यांत किती जणांना पगारी फुल टाइम नोकरी लागली, आणि त्यांचा मधला पगार किती. मधला म्हणजे सगळे पगार ओळीने लावले तर बरोबर मध्ये येतो तो, सरासरी नाही आणि 'हायेस्ट पॅकेज' तर अजिबात नाही, कारण एका पोराला १८ लाख लागले तर त्याने बाकीच्यांचा पगार वाढत नाही. बॅच जुनी मागायची कारण नुकत्याच संपलेल्या बॅचचा निकाल अजून लागायचाच असतो. सरळ उत्तर देणाऱ्या संस्था आहेत, कमी आहेत पण आहेत, आणि त्यांचे आकडे ९० वगैरे नसतात, ४०-५० असतात, आणि मला तरी तेच जास्त भरवशाचे वाटतात. या कंपनीकडून उत्तर आलं ते असं, "सर आमचे ५०० प्लस हायरिंग पार्टनर आहेत," आणि सोबत लोगोंनी भरलेली एक पीडीएफ.

लोगोंची पीडीएफ म्हणजे पुरावा नव्हे. एखाद्या मोठ्या आयटी कंपनीत त्यांचा एक विद्यार्थी पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या हिमतीवर लागला तरी लोगो येतो. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, तर नागपूरच्या पोरांना दाखवायच्या पीडीएफमध्ये ही नावं वर असतातच. या मोठ्या कंपन्या फ्रेशर घ्यायला स्वतःच्या परीक्षा घेतात आणि अर्ज स्वतःच्या करिअर पेजवर घेतात, फुकट, त्यासाठी मध्ये कोर्सवाला लागत नाही. तपासायची असतात ती खालची अनोळखी नावं, कारण खरं प्लेसमेंट असेल तर बहुतेक तिथेच असते. त्याच्यासाठी ईपीएफओच्या साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' आहे, लॉगिन लागत नाही, कंपनीचं नाव आणि कॅप्चा टाकायचा. सापडली की तिचे पीएफ भरल्याचे तपशील उघडायचे, कोणत्या महिन्याचा पीएफ किती कर्मचाऱ्यांसाठी भरला ते महिन्यावार दिसते. ज्या कंपनीने म्हणे आमचे ६० पोट्टे घेतले तिथे एकूण पीएफच ९ जणांचा भरला जात असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. फक्त एक लक्षात ठेवा, पीएफ साधारण २० आणि त्यापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सक्तीचा आहे, त्यामुळे छोटी कंपनी तिथे दिसली नाही म्हणजे ती बोगस असं नाही, एवढंच की तिने साठ जण घेतले हे पटायला कठीण.

आता खुद्द कोर्सवाली कंपनी. टर्म्सच्या पानावर किंवा बिलावर तिचं कायदेशीर नाव असते, ब्रँडचं नाव वेगळं आणि प्रायव्हेट लिमिटेडचं वेगळं असते बऱ्याचदा, आणि तेच लागते. कंपनी व्यवहार मंत्रालय म्हणजे एमसीए, त्याच्या `mca.gov.in` वर त्या नावाने 'मास्टर डेटा' पाहता येतो. तिथे सीआयएन म्हणून कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा नोंदणी नंबर असतो, अक्षरं धरून मोजलं तर नवव्या ते बाराव्या जागेवरचे आकडे म्हणजे कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष. जाहिरातीत '१२ वर्षांचा वारसा' होता, सीआयएनमध्ये २०२१. पण याच्याही पुढे एक गंमत आहे जी फार लोक करत नाहीत. त्याच साइटवर लॉगिन करून शंभर रुपयांत कंपनीने भरलेली कागदपत्रं पाहता येतात, त्यात वर्षाचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक असते. उत्पन्नाचा आकडा घ्या आणि मूळ फीने भागा, जीएसटी धरायचा नाही कारण तो कंपनीचं उत्पन्न नसते. समजा उत्पन्न निघालं ६ कोटी आणि फी ८५,०००, तर साधारण ७०० विद्यार्थी झाले वर्षाचे, सगळ्यांनी पूर्ण फी दिली असं धरून. आणि जाहिरात म्हणते दरवर्षी १०,००० प्लेसमेंट! सूट, स्वस्त कोर्स, कॉलेजांशी करार, हे सगळं धरून आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण ७०० चे १०,००० होत नाहीत. कागद मात्र मागच्या आर्थिक वर्षाचे मिळतील, कारण मार्चला संपलेल्या वर्षाचा हिशोब ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत भरायचा असतो. आणि कोर्सवाला प्रोप्रायटर असेल, म्हणजे एकाच माणसाची फर्म, तर एमसीएवर काहीच सापडणार नाही, मग बिलावरचा जीएसटी नंबर `services.gst.gov.in` वर टाकायचा, नोंदणीची तारीख आणि मालकाचं कायदेशीर नाव तिथे निघते. बिलावर जीएसटी घेतला पण नंबरच नाही, किंवा नंबर टाकला तर नोंदणी रद्द दाखवते, तर मग पुढे काही तपासायची गरज नाही.

आयएसओ, एमएसएमई, स्टार्टअप इंडिया, हे शिक्के वेबसाइटवर लावलेले असतात त्यावर जास्त वेळ घालवू नका. उद्यम नोंदणी कोणीही ऑनलाइन फुकट करू शकते, आणि आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, शिकवणं चांगलं आहे असं ते म्हणत नाही. कोर्स 'सरकारमान्य' म्हणत असतील तर क्वालिफिकेशनचा कोड मागा आणि `nqr.gov.in` वर शोधा, कौशल्य कोर्सची राष्ट्रीय नोंदवही तीच आहे, एनसीव्हीईटी या सरकारी नियामकाची. तिथे नसेल तर 'सरकारमान्य' या शब्दावर भरवसा ठेवू नका, साधी गोष्ट. तिथे असला म्हणून नोकरी लागेल असंही नाही बरं.

सगळ्यात उपयोगी तपासणी मात्र माणसांची आहे. वेबसाइटवरच्या हसऱ्या फोटोवाल्यांशी बोलून काही उपयोग नाही, ते निवडलेले असतात. लिंक्डइनवर कोर्सचं किंवा संस्थेचं नाव टाकून 'पीपल'मध्ये शोधायचं, लोक सर्टिफिकेट प्रोफाइलला लावतातच. ज्यांचं सर्टिफिकेट वर्ष-दीड वर्ष जुनं आहे ते घ्यायचे, आणि कोर्सच्या आधी काय करत होते आणि नंतर काय करून राहिले हे तारखा लावून पाहायचं. यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, जे 'डेटा अ‍ॅनालिस्ट' झाले ते आधीपासूनच आयटीत होते, फ्रेशर नव्हते. दुसरी, बरेच जण त्याच कोर्सवाल्या कंपनीत 'लर्निंग अ‍ॅडव्हायझर' किंवा 'मेंटर' म्हणून लागलेले असतात, म्हणजे पुढच्या पोरांना कोर्स विकायची नोकरी, आणि ती पण प्लेसमेंटमध्ये मोजलेली. आम्ही ज्यांना मेसेज केले त्यातल्या थोड्याच जणांनी उत्तर दिलं, एक वर्ध्याचा होता, त्याने सांगितलं कोर्स वाईट नव्हता, शिकवणारे चांगले होते, एसक्यूएल तिथेच शिकलो, पण नोकरी नंतर नौकरी डॉट कॉमवरून स्वतः शोधली आणि कंपनीने फोन करून ऑफर लेटर मागून घेतलं, का तर म्हणे रेकॉर्डसाठी. मेसेज करताना "कोर्स कसा आहे" असं विचारू नका, लोक छान आहे म्हणून सुटतात. "तुमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती जण होते आणि त्यातल्या किती जणांना कोर्सवाल्यांमुळे नोकरी लागली" असं विचारा. लिंक्डइनची मर्यादा अशी की ज्यांचं काही जमलं नाही ते प्रोफाइल अपडेट करत नाहीत, त्यामुळे तिथलं चित्र खऱ्यापेक्षा बरंच दिसणार, आणि तिथेही वाईट दिसत असेल तर मग बघा.

आता ती ईएमआयची लिंक. हप्ता म्हणजे फी थोडी थोडी द्यायची असं घरच्यांना वाटते. तसं नाही, ते कर्ज आहे. एक फायनान्स कंपनी पोट्ट्याच्या नावावर कर्ज काढून पैसे एकदम कोर्सवाल्याला देते, आणि मग १२ महिने हप्ता पोट्ट्याच्या बँक खात्यातून आपोआप कटतो. 'नो कॉस्ट' म्हणजे व्याज कोर्सवाल्याने आपल्या हिश्शातून सोडलं, कर्ज मात्र तुमचंच. याचा अर्थ कोर्सवाल्याला पहिल्याच आठवड्यात जवळपास सगळे पैसे मिळून जातात, पुढे तुम्ही शिकले का, नोकरी लागली का, याने त्याच्या पैशाला फरक पडत नाही. आणि क्लास बंद पडले, कंपनी बुडाली, तरी फायनान्सवाला म्हणते आमचा तुमच्याशी करार आहे, त्यांच्याशी तुमचं काय ते तुम्ही पाहा. हप्ता थांबवला तर सिबिलवर येते आणि मग दोन वर्षांनी घरासाठी बँकेत गेलं की कळते.

इथे रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम कामाचे आहेत. ओटीपी द्यायच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद कर्ज देणाऱ्याने दिलाच पाहिजे, त्यात कर्ज देणारी खरी कंपनी कोण, वार्षिक दर किती, प्रोसेसिंग चार्ज किती, सगळं असते. काउन्सेलरच्या तोंडी 'झिरो' आणि त्या कागदावर १४ असेल तर कागद खरा धरायचा. दुसरं म्हणजे 'कूलिंग ऑफ', कर्ज घेतल्यावर ठराविक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते, प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवू शकतात. ही मुदत प्रत्येक कंपनी ठरवते, कमीत कमी एक दिवस असावी असा नियम आहे, म्हणून तारीख त्या कागदावर पाहून ठेवा. अडचण अशी की पैसे कोर्सवाल्याकडे गेलेले असतात, त्यामुळे बाहेर पडताना एक तर त्याने ते परत करावे लागतात नाही तर तुमच्या खिशातून. म्हणून मेल एकाच वेळी दोघांनाही टाकायचा, कोर्सवाल्याला आणि फायनान्सवाल्याला. आणि ज्यांनी आधीच लिंकवर क्लिक करून टाकलं आहे आणि कर्ज निघालं का नाही हेच माहीत नाही, त्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत, सिबिल हा त्यातला एक, आणि प्रत्येकाने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो.

पोट्ट्याने ओटीपी दिला नाही. ४,९९९ मात्र अडकले. रिफंड मागितला तर उत्तर आलं की बुकिंग रक्कम नॉन रिफंडेबल आहे. मग आम्ही जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ५६% वाली मार्कशीट अपलोड केल्याची तारीख, पॉलिसीतली ६०% ची अट आणि काउन्सेलरचा 'स्ट्रॉंग प्रोफाइल' वाला मेसेज, असं सगळं एका पीडीएफमध्ये करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर टाकलं. १९१५ वर फोन करता येतो नाही तर `consumerhelpline.gov.in` वर तक्रार. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, ती कंपनीकडे तक्रार पाठवून तडजोड करून पाहते, पण तुमची तक्रार कागदावर येते आणि ते महत्त्वाचं. तक्रारीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख केला. कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी त्या काढलेल्या आहेत, आणि नोकरीची खात्री, निवडीची गॅरंटी असले खोटे दावे त्यात चालत नाहीत, ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंग सेंटरना त्या लागू होतात. काही आठवड्यांनी पैसे परत आले, 'सदिच्छा म्हणून' असं लिहून.

मोठी रक्कम अडकली असेल आणि हेल्पलाइनने जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे कोर्सवाले दोन भीती घालतात. एक म्हणजे टर्म्समध्ये लिहिलेलं असते की वाद झाला तर फक्त बंगळुरू किंवा दिल्लीच्या कोर्टात, किंवा लवादाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात केस टाकता येते, म्हणजे नागपूरवाला नागपुरातच, आणि करारात लवादाची ओळ असली तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. दुसरी भीती म्हणजे 'शिक्षण ही सेवा नाही'. ते विद्यापीठ-कॉलेजांबद्दल आहे, कोचिंगवाल्यांना ती ढाल मिळत नाही असं राष्ट्रीय आयोगाने २०२० च्या निकालात म्हटलं आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, तक्रार `e-jagriti.gov.in` वर ऑनलाइन टाकता येते, वकील सक्तीचा नाही. कर्जवाल्याविरुद्ध वेगळा रस्ता, आधी त्याच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे. आयोगात जायची मुदत दोन वर्षं आहे, ती तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून मोजतात, आणि कंपनीशी नुसतं फोनाफोनी करत बसलात तर ती थांबत नाही.